डेटमध्ये 27 लाख, पण फीच्या महिन्यात हाती किती?

"नमस्कार. मी 44 वर्षांचा, अनगोळला राहतो, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मशीन शॉपला सुपरवायझर आहे. 2016 ला पुण्यात फ्लॅट घ्यायचा म्हणून एसआयपी चालू केली, आता महिन्याला 15 हजार जातात. पण पुण्याचं रद्द झालं. आई-वडील खानापूरला आहेत, आम्ही इथंच राहायचं ठरवलंय. मुलगी यंदा सेकंड पीयूसी सायन्सला आहे, 2027 ला इंजिनिअरिंगला जाईल, चार वर्षांचे 12 लाख धरलेत. 2031 च्या सुरुवातीला नोकरी सोडून स्वतःचं जॉबवर्क चालू करायचं मनात आहे, त्याला पदरचे 10 लाख लागतील.

आमच्याकडं म्युच्युअल फंडात 28 लाख आहेत (टाकलेले साडेचौदा), तिन्ही फंड इक्विटीचे, त्यात एक स्मॉल कॅप. पीएफ 11 लाख, पीपीएफ 4 लाख, बँकेत एफडी 3 लाख, इथल्या एका सौहार्द सोसायटीत 9 लाख (4 लाख येत्या दिवाळीला सुटतात, 5 लाख पुढच्या मे महिन्यात). सोनं: 20 ग्रॅमचे बाँड 2020 ला घेतलेले, 30 ग्रॅमची नाणी आणि 20 ग्रॅमचं एक बिस्कीट, सगळं मिळून 10 लाख. बायकोचे दागिने वेगळे. मित्र म्हणतो, शंभरातून वय वजा कर, 56 टक्के इक्विटी पाहिजे, तुझी 43 च आहे, सोन्याचा भाव चढलाय तोवर विकून इक्विटीत टाक. बायको म्हणते सोन्याला हात लावायचा नाही. काय करू?"

— एक वाचक, अनगोळ, बेळगाव

नमस्कार.

आधी तुमच्या मित्राचा हिशेब शेवटपर्यंत करून बघू. एकूण रक्कम 65 लाख. त्यातली इक्विटी 43 टक्के, सोनं 15 आणि उरलेले 42 टक्के डेट, म्हणजे पीएफ, पीपीएफ आणि ठेवी असा व्याजाचा पैसा. इक्विटी 56 टक्क्यांवर न्यायची तर साडेआठ लाख रुपये आणखी शेअर बाजारात टाकावे लागतील. म्हणजे मुलीची पहिली फी वर्षभरावर आलेली असताना तुम्ही बाजारातली जोखीम वाढवणार. वयाच्या सूत्राला तुमची मुलगी यंदा बारावीला आहे हे माहीत नाही, आणि 2031 ला पगार बंद होणार आहे हेही माहीत नाही. वाटणी ठरवताना तुमच्या वयापेक्षा पैसा कोणत्या महिन्यात लागणार आहे याला जास्त किंमत आहे. म्हणून टक्केवारी थोडा वेळ बाजूला ठेवा.

कागदावर तुमची वाटणी छान दिसते. मला काळजी वाटली ती डेटच्या 27 लाखांची. पीएफचे 11 लाख म्हातारपणासाठी आहेत, ते मोडून फी भरायची नाही. पीपीएफमधून ठराविक वर्षांनंतर थोडी रक्कम काढता येते, पण तोही लांबचाच पैसा. 9 लाख एका सौहार्द सोसायटीत आहेत. उरले बँकेतले 3 लाख. म्हणजे ज्याला तुम्ही सुरक्षित म्हणता त्या 27 लाखांपैकी फीच्या महिन्यात निर्धास्तपणे हाती येतील असे 3 लाखच आहेत, आणि तेच तुमच्या अडीअडचणीचेही पैसे आहेत.

म्हणून पहिलं काम सोसायटीतल्या ठेवीचं. तिकडं दर बँकेपेक्षा जास्त मिळतो, मॅनेजर ओळखीचा असतो, पिग्मी घ्यायला माणूस घरी येतो. आपल्या भागात निम्म्या घरांचे व्यवहार असेच चालतात, आणि बऱ्याच सोसायट्या नीट चालल्याही आहेत. पण बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. बँक बुडाली किंवा रिझर्व्ह बँकेनं तिच्यावर निर्बंध आणले, तर एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून 5 लाखांपर्यंत विमा आहे. ही मर्यादा फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख झाली, त्याआधी 1 लाख होती. नागरी सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. कर्नाटकाच्या 1997 च्या सौहार्द कायद्याखालची पत सोसायटी, साधी पतसंस्था किंवा मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी मात्र बँक नाही. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि तिथल्या ठेवीला हा विमा नसतो. पावतीवर दर कितीही छापलेला असो, हा फरक तिथं छापलेला नसतो.

सोसायटी ठीक आहे की नाही हे ओळखायच्या दोन-तीन खुणा आहेत. वार्षिक सभेचा अहवाल मागून घ्या. तुम्ही सभासद आहात, तो तुमचा हक्क आहे. त्यात थकबाकीचं प्रमाण मागच्या दोन वर्षांपेक्षा वाढतंय का ते बघा. लेखापरीक्षणाचा वर्ग बघा, तो खाली घसरला असेल तर कारण विचारा. मोठी कर्जं मोजक्याच लोकांना किंवा संचालकांच्या घरच्यांना दिली आहेत का हेही बघा. पण सगळ्यात बोलकी खूण काउंटरवर दिसते. मुदत संपलेली ठेव मागितल्यावर त्याच दिवशी पैसे मिळतात का? "अर्धी घ्या, अर्धी रिन्यू करा", "पुढच्या आठवड्यात या, चेअरमनसाहेब नाहीत" असं ऐकू यायला लागलं, तर अहवाल वाचायची गरज उरत नाही.

यातलं काहीही नसेल, सोसायटी अगदी ठणठणीत असेल, तरी मुलीच्या शिक्षणाचा पैसा तिथं नको असंच मी म्हणेन. कारण एवढंच नाही की विमा नाही. तुमची नोकरी उद्यमबागेत आहे. 2031 नंतरचं जॉबवर्कही उद्यमबागेतल्याच कंपन्यांचं असणार. सोसायटीचे कर्जदारही बहुतेक इथलेच छोटे कारखानदार, दुकानदार आणि वाहनवाले असणार. फाउंड्री आणि मशीनिंगच्या ऑर्डरी मंदावल्या की तुमचा ओव्हरटाइम बंद होतो, जॉबवर्कला काम मिळत नाही आणि सोसायटीचे हप्तेही त्याच महिन्यांत थकतात. एकाच ठिकाणची मंदी तुमच्या तिन्ही बाजूंना एकदम लागेल. फंडातले पैसे तरी देशभरातल्या कंपन्यांत आहेत. तुमच्याकडचा सगळ्यात कमी पसरलेला पैसा सोसायटीतला आहे, आणि तोच तुम्ही सुरक्षित म्हणून धरलाय.

तर दिवाळीला 4 लाख सुटले की रिन्यू करू नका. मे महिन्यात सुटणाऱ्या 5 लाखांसाठी आजच पावतीच्या मागचा मुदतपूर्व मोडण्याचा नियम वाचा. साधारणपणे ठेव जेवढे दिवस राहिली त्या मुदतीचा दर देतात आणि त्यातून अर्धा-एक टक्का कापतात. 5 लाखांवर एका टक्क्याचे वर्षाला 5 हजार होतात. एवढंच जाणार असेल तर मी दिवाळीलाच दोन्ही ठेवी काढेन. ते जमत नसेल तर मेपर्यंत थांबा, पण मुदतीच्या दिवशी स्वतः जाऊन काढा, कारण बऱ्याच ठिकाणी सूचना दिली नाही तर ठेव आपोआप रिन्यू होते. पिग्मी चालू ठेवायला हरकत नाही, फक्त ती 20-25 हजारांपर्यंत गेली की काढून बँकेत टाकत चला.

आता हे 9 लाख आणि सोन्याचे बाँड मिळून मुलीच्या फीचं कसं जमतं ते बघा. चार वर्षांचे 12 लाख म्हणजे वर्षाला 3 लाख. दिवाळीच्या 4 लाखांतल्या 3 लाखांची एफडी जून 2027 ला संपेल अशी करा आणि 1 लाखाची जून 2028 ला. बाकीच्या 5 लाखांतले 3 लाख जून 2029 साठी आणि 2 लाख जून 2030 साठी ठेवा. 2030 ला कमी पडणारा 1 लाख बराचसा या एफडींच्या व्याजातून निघेल. 2028 ला 2 लाख कमी पडतात, आणि तिथं तुमचे बाँड नेमके बसतात. सरकारी सुवर्ण बाँडची मुदत 8 वर्षांची. 2020 चे बाँड 2028 ला संपतील. ते तुम्ही स्वतः इश्यूमध्ये घेतले असतील आणि शेवटपर्यंत ठेवलेत, तर सोन्याच्या भावातला सगळा नफा करमुक्त आहे. म्हणून ते आता बाजारात विकू नका आणि मुदतीआधीही परत करू नका. आजच्या तुमच्या भावानं 20 ग्रॅमचे 2 लाख 86 हजार होतात. दोन वर्षांत सोनं 30 टक्के पडलं तरी 2 लाख हाती येतात, म्हणजे 2028 ची गरज भागते. पडलं नाही तर वरचे पैसे 2030 च्या फीला जोडा. बाँड नेमके कोणत्या महिन्यात संपतात ते प्रमाणपत्रावर बघून घ्या. जूननंतरची तारीख असेल तर त्या वर्षीच्या फीसाठी तोवर अडीअडचणीच्या एफडीतून उसने घ्यावे लागतील, एवढंच.

या एफडी करताना 5 लाखांची मर्यादा लक्षात ठेवून जुन्या एफडीची बँक सोडून दुसऱ्या दोन बँकांत वाटा. जुन्या 3 लाखांची एफडी ज्या बँकेत आहे तिथं आणखी 4-5 लाख टाकले की मर्यादा ओलांडली जाते.

फीच्या आकड्याबद्दल एक सुचवते. 12 लाख हा अंदाज इथल्या कॉलेजचा धरलाय की बाहेरगावचा, हे पत्रात नाही. मुलगी कर्नाटकाची सीईटी देणार असेल आणि घरातून जाऊन-येऊन शिकणार असेल तर एक आकडा, पुणे-सांगली-कोल्हापूरकडं हॉस्टेलवर राहणार असेल तर दुसरा. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या 865 गावांमधल्या मराठी भाषिक मुलांसाठी वेगळी सोय आहे. तिचा विचार असेल तर रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला कुणाकडून, कोणत्या नमुन्यात लागतो ते आत्ताच बघा, निकालानंतर धावपळ होते. आकडा 12 वरून 15 झाला तर वरच्या 3 लाखांसाठी फंड विकायची घाई नको. शैक्षणिक कर्ज घेता येईल, तुमचा पगार चालू असेपर्यंत ते फेडणं जड जाणार नाही.

फीची सोय अशी झाली की फंडाला अजून हात लागलेला नाही. आता जॉबवर्कचे 10 लाख.

इथं खरी अदलाबदल करायची आहे. पुण्याच्या फ्लॅटसाठी जमवलेला पैसा इक्विटीत होता हे बरोबरच होतं, तेव्हा 14-15 वर्षं हातात होती. आता साडेचार आहेत. 2020 ला जानेवारीत निफ्टी 12 हजार 300 च्या वर होता आणि 23 मार्चला 7,610 वर आला. दोन महिन्यांत सुमारे 38 टक्के पडला. तेव्हा तो वर्षाच्या आतच सावरला. पण 2008 च्या जानेवारीत 21 हजारांजवळ गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये 8 हजारांच्या खाली जाऊन आला आणि पुन्हा ती पातळी गाठायला 2010 ची दिवाळी उजाडली. 2031 ला तुम्ही जुनं व्हीएमसी मशीन बघून सौदा ठरवाल तेव्हा बाजार कुठं असेल हे कुणालाही सांगता येत नाही. शिवाय बाजार पडतो तेव्हा मशीन स्वस्तात निघतात. म्हणजे ज्या वर्षी मशीन घ्यायला चांगलं, त्याच वर्षी तुमच्या फंडाची किंमत कमी असण्याची शक्यता जास्त. म्हणून हे 10 लाख इक्विटीबाहेर काढायचे.

पण 28 लाखांतून एकदम 10 लाख विकायची गरज नाही. बराचसा बदल नव्या पैशानं होतो. एसआयपीचे 15 हजार जातात, त्यातले 10 हजार थांबवून त्याच तारखेला बँकेत आवर्ती ठेव लावा. 54 महिन्यांत मुद्दलच 5 लाख 40 हजार होतं, व्याज धरून 6 लाखांच्या थोडं वर जाईल. उरलेले 5 हजार इक्विटीत चालू राहू देत. कमी पडतात ते 4 लाखांच्या आसपास, तेवढेच फंडातून काढायचे.

कराचा नियम असा आहे. इक्विटी फंडातले वर्षापेक्षा जुने युनिट विकले तर एका आर्थिक वर्षात 1 लाख 25 हजारांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढच्या नफ्यावर 12.5 टक्के. विक्रीत सगळ्यात जुने युनिट आधी विकले गेले असं धरतात. तुमचे 2016-17 चे युनिट आज तिप्पट-साडेतिप्पट झाले असतील, म्हणजे त्यातल्या प्रत्येक 100 रुपयांत सुमारे 70 रुपये नफा आहे. त्या हिशेबानं पावणेदोन लाखांची विक्री केली तर नफा 1 लाख 22 हजारांच्या आसपास, कर शून्य. एकदा मार्चमध्ये 31 तारखेच्या आत आणि दुसऱ्यांदा एप्रिलमध्ये नवीन वर्ष लागल्यावर अशी दोनदा विक्री केली की महिनाभरात साडेतीन लाख बिनकराचे बाहेर येतात. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. विक्री कोणत्या वर्षात धरायची ते युनिट कोणत्या दिवसाच्या एनएव्हीला, म्हणजे युनिटच्या भावाला, निघाले त्यावर ठरतं, म्हणून 20 मार्चच्या आत अर्ज टाका. विकण्याआधी कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून भांडवली नफ्याचा तपशील मागवून घ्या, तो फुकट मिळतो आणि त्यात युनिटवार नफा दिसतो. माझे 70 रुपये हा अंदाज आहे, तुमचा आकडा त्या कागदावर असेल. त्याच वर्षात दुसरं काही विकून इक्विटीचा नफा झाला असेल तर तोही याच 1 लाख 25 हजारांत मोजला जातो.

मार्चपर्यंत थांबायचं की नाही, असं तुम्ही विचाराल. कर वाचवण्यासाठी सहा-आठ महिने थांबायला माझी ना नाही, कारण मशीनला साडेचार वर्षं आहेत. पण घाबरून रात्रीची झोप जात असेल तर एकदम 4 लाख काढलेत म्हणून आभाळ कोसळत नाही. हिशेब सांगते: 4 लाखांत नफा 2 लाख 80 हजार. त्यातले 1 लाख 25 हजार वजा जाता 1 लाख 55 हजारांवर 12.5 टक्के म्हणजे 19,375 रुपये, आणि त्यावर 4 टक्के सेस धरून 20,150 रुपये. 2020 सारखी घसरण झाली तर त्याच 4 लाखांतले दीड लाख जातात. कर टाळण्यासाठी वर्षानुवर्षं थांबणारे लोक मी पाहिले आहेत, तो सौदा महाग पडू शकतो.

विक्री स्मॉल कॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या, फंडातून करा. तिन्हींत सगळ्यात जास्त आपटणारा तोच आहे, आणि गेल्या काही वर्षांत तो बाकीच्या दोघांपेक्षा जास्त फुगून तुमच्या 28 लाखांत आपला हिस्सा वाढवून बसला असेल. आवर्ती ठेवीत वळवायचे 10 हजारही आधी याच फंडाच्या एसआयपीतून कमी करा. बाहेर काढलेले साडेतीन लाख 2030-31 पर्यंतच्या बँक एफडीत ठेवा. डेट फंडही चालेल, पण एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या डेट फंडाचा नफा कितीही वर्षांनी काढला तरी तुमच्या पगाराच्या दरानंच करपात्र असतो. म्हणून एफडीपेक्षा मोठा फायदा उरलेला नाही. साडेतीन लाख चार वर्षांत व्याजासह सव्वाचार-साडेचार होतील, आवर्तीचे सहा, मिळून 10 लाखांची बेगमी झाली.

आणि 2031 मध्ये मशीनसाठी पैसे कमी पडले तर पीएफ काढू नका. नोकरी सोडली म्हणून ते खातं लगेच रिकामं करावं लागत नाही. उद्यमबागेत स्वतःचं शेड टाकणारे बरेच जण पहिल्याच वर्षी पीएफ मशीनमध्ये घालतात, आणि ऑर्डर अडकली की म्हातारपणाचा पैसा आणि धंदा दोन्ही एकदम अडचणीत येतात. कमी पडले तर मशीनवर बँकेचं कर्ज घ्या किंवा सहा महिने उशिरा चालू करा. तारीख तुमच्या हातात आहे, फीची नाही.

हे सगळं झाल्यावर जे उरतं तो तुमचा म्हातारपणाचा पैसा, आणि टक्केवारी काढायची ती इथं. फंडात साडेचोवीस लाख, पीएफ आणि पीपीएफ मिळून 15 लाख, नाणी-बिस्कीट 7 लाख 14 हजार. म्हणजे इक्विटी 52-53 टक्के, डेट 32 आणि सोनं 15. साठीला अजून 16 वर्षं आहेत, त्या मानानं ही वाटणी मला पटते. मित्राच्या 56 च्या जवळच आली, पण आधी फी आणि मशीन बाजूला काढून.

यापेक्षा इक्विटी वाढवा असं मी म्हणणार नाही, आणि त्याला कारण तुमचं जॉबवर्क आहे. पगार दर महिन्याला ठरलेला येतो, त्यामुळं पगारदाराला बाजारातली जोखीम झेपते. 2031 नंतर तुमची कमाई स्वतःच बाजारासारखी वर-खाली होणार, एखादा महिना भरपूर, एखादा कोरडा. धंदा चालू होईल त्या वर्षी इक्विटी 50 च्या वर गेली असेल तर नवीन पैसे पीपीएफकडं वळवा. तोवर दरवर्षी एकदा, एप्रिलमध्ये, हे तीन आकडे काढून बघा. एखादा भाग आपल्या जागेपासून 5-6 टक्क्यांनी सरकला असेल तरच हलवा, एरवी नको.

आता वहिनींचं म्हणणं. दागिन्यांच्या बाबतीत त्या बरोबर आहेत आणि मी ते हिशेबात धरलेलेच नाहीत. दागिने त्यांचे आहेत, विकताना घडणावळ बुडते, आणि ते मुलीकडं जायचे आहेत. पण जॉबवर्क चालू झाल्यावर त्याच दागिन्यांचा दुसरा उपयोग कळेल. कंपनी बिल 90 दिवसांनी देते आणि मजुरी शनिवारी द्यावी लागते. अशा वेळी दागिन्यांवर बँकेतून त्याच दिवशी कर्ज मिळतं आणि बिल आलं की सोडवता येतं. ती वेळ येण्याआधीच वहिनींशी मोकळेपणानं बोलून ठेवा. त्यांचा होकार नसेल तर तो पैसा धंद्यात धरूच नका.

नाणी आणि बिस्कीट मात्र गुंतवणूक आहे आणि ती हिशेबात येते. बिस्कीट हे कच्चं सोनं, त्यावर बँका कर्ज देत नाहीत. नाण्यांवर मिळतं, पण 50 ग्रॅमपर्यंतच, आणि कोणती नाणी चालतात ते बँक बघते. विकायचं झालं तर बँकेतून घेतलेली नाणीही बँक परत घेत नाही, सराफाकडंच जावं लागतं. म्हणून सोनं कमी करायची वेळ आली तर आधी बिस्कीट विका. ती वेळ आज आलेली नाही, 15 टक्के ठीक आहेत. मी दोन गोष्टी करेन. सणाला दरवर्षी नाणं घ्यायची पद्धत असेल तर काही वर्षं थांबवेन, कारण भाव चढल्यामुळं सोन्याचा वाटा न घेताच पुरेसा झालाय. आणि हा वाटा कधी 20 टक्क्यांच्या वर गेला तर बिस्कीट विकून ते पैसे पीपीएफमध्ये, वर्षाच्या मर्यादेत बसतील तसे टप्प्याटप्प्यानं, टाकेन.

भाव असाच चढत राहील असं धरून चालू नका. 2012 च्या अखेरीला 10 ग्रॅमला 30 हजारांच्या वर असलेलं सोनं 2015 च्या अखेरीला 25-26 हजारांवर होतं, तीन वर्षं धरून बसलेल्याला व्याजही नाही आणि मुद्दलातही घट. पण आज विकून इक्विटीत टाकायला सांगणाऱ्या मित्राचंही मी ऐकणार नाही, कारण तुमच्या घरात आधीच नोकरी, धंदा आणि फंड असे तीन भाग उद्योगांच्या चढ-उतारावर आहेत. त्यांच्यासोबत न पडणारं काहीतरी घरात असलेलं बरं.

खडेबाजारात बिस्कीट विकायला गेलात तर खरेदीचं बिल बरोबर ठेवा. दोन वर्षांपेक्षा जुन्या सोन्याच्या नफ्यावर 12.5 टक्के कर आहे आणि इथं फंडासारखी 1 लाख 25 हजारांची सूट नाही. बिल नसेल तर खरेदीची किंमत सिद्ध करणं अवघड जातं. सापडत नसेल तर ज्या सराफाकडून घेतलं त्याच्याकडं जुन्या वहीची प्रत आत्ताच मागा, दुकान बंद झाल्यावर ती कुणाकडंच मिळणार नाही.